रात्री चार्जर लावून झोपण्याआधी: नव्या मुलांसाठी वॉर्डनची चिठ्ठी

गादी टाकून झाली, बादलीवर नाव लिहून झालं, की नव्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, खोलीत प्लग किती आहेत?" दोन आहेत. एक टेबलाजवळ, एक दाराजवळ. खोलीत मुलं तीन, फोन तीन (कधी चार), लॅपटॉप दोन किंवा तीन, मार्चपासून कूलर, आणि अलीकडे इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीची पेटी. हे गणित दोन प्लगांत बसत नाही, म्हणून बाजारातून शंभर-दीडशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड येतो. त्याला दुसरा बोर्ड लागतो आणि सगळं खाटेखाली सरकवलं जातं. म्हणून प्रवेशाच्या कागदांसोबत ही चिठ्ठी देतो. लांब आहे, पण वाचा.

नियम आधी सांगतो, कारणं मागून. फोन रात्रभर लावला तर चालेल, पुढे दिलेल्या अटींवर. लॅपटॉपचा चार्जर झोपण्याआधी काढायचा. स्कूटरची बॅटरी खोलीत, जिन्यात किंवा व्हरांड्यात चार्ज करायची नाही, आणि तुम्ही झोपलेले असताना तर कुठेच नाही.

दुसऱ्या मजल्यावरची ती रात्र

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. खान्देशातला एप्रिल तुम्हाला नव्याने सांगायला नको, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो. दोनच्या सुमारास दार वाजलं. शहाद्याकडचा एक मुलगा उभा होता. घाबरला की तो अहिराणीवर यायचा. म्हणाला, "सर, काहीतरी जयी राहिनं." वास मला जिन्यातच आला. सडलेल्या मासळीसारखा, घशाला लागणारा. प्लग-सॉकेटचं प्लास्टिक तापलं की बऱ्याचदा असाच वास येतो. मुलं अर्धा तास मेसच्या बाजूला काय सडलंय ते शोधत होती. हा वास ओळखून ठेवा. आपल्या शाकाहारी मेसमध्ये रात्री मासळीचा वास आला तर तो खोलीतल्या बोर्डाचाच समजायचा.

मी आधी पॅसेजमधल्या पेटीतून त्या खोलीचा एमसीबी खाली केला. तो आपणहून पडलेला नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग खाटेखालून बोर्ड ओढला. त्यावर तीन गोष्टी होत्या: स्कूटरचा चार्जर, कूलर आणि दोन फोन. ज्या भोकांत स्कूटरच्या चार्जरचा प्लग होता तिथलं प्लास्टिक तपकिरी होऊन खचलं होतं. प्लग ओढला तर निघेना, पिन वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रुतून बसली होती. बाजूला गादीची कड लोंबत होती, चार बोटांवर. अजून थोडा वेळ गेला असता तर कापूस पेटला असता.

मुलं म्हणाली, "सर, बॅटरी खराब निघाली." बॅटरी ठणठणीत होती. नंतर वर्षभर त्याने तीच वापरली.

मग जळलं काय? हिशोब करून बघू. स्कूटरचा चार्जर भिंतीतून साधारण 450 वॅट ओढत होता. आपल्याकडे व्होल्टेज 230 धरलं तर हे झाले दोन अँपिअर. कूलरचे आणखी पाऊण-एक. फोन किरकोळ. सगळं मिळून तीन अँपिअरच्या आसपास. बोर्डावर छापलं होतं 6 अँपिअर. म्हणजे लोड निम्माच होता, आणि खोलीचा एमसीबी 10 अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं, म्हणून तो पडला नाही. एमसीबी वायरमधून किती करंट जातो एवढंच बघतो, तो करंट कुठे अडखळतोय हे त्याला दिसत नाही.

अडखळत होता प्लगच्या पिनेपाशी. बोर्डाच्या आत प्रत्येक भोकामागे पितळेची एक पकड असते, ती पिनेला दोन्ही बाजूंनी घट्ट आवळते. त्या पोरांनी महिनोन्महिने त्याच भोकात सकाळी चहासाठी 1500 वॅटची किटली लावली होती. 1500 वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, बोर्डाच्या क्षमतेपेक्षा जास्तच. रोज तापून ती पकड सैल पडत गेली, पिन आत डुगडुगायला लागली. सैल जोडाला रोध असतो. तो एक ओहम जरी धरला, तरी स्कूटरच्या चार्जरचे दोन अँपिअर जाताना तिथे 2 × 2 × 1, म्हणजे चार वॅटची उष्णता तयार होते. चार वॅट ऐकायला काही नाही, एका छोट्या एलईडी बल्बएवढे. पण ही सगळी उष्णता ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, बंद प्लास्टिकच्या आत, तासन् तास. त्यात तापलेल्या धातूवर काळा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. किटली पाच मिनिटांत बंद होते म्हणून सकाळी कळत नाही. स्कूटरचा चार्जर रात्री सलग चार-पाच तास चालतो, तो ते दुखणं बाहेर काढतो.

म्हणून माझ्या तपासणीत बॅटरीच्या आधी प्लग येतो.

पहिल्या दिवशी करायची तपासणी

रिकाम्या सॉकेटमध्ये चार्जर लावा आणि हळूच खाली दाबा. चार्जर लटकतोय, हलतोय, आपल्या वजनाने बाहेर येतोय, तर ते सॉकेट बाद. कागदाची घडी घालून किंवा पिना फाकवून ते घट्ट करायचं नाही. मला सांगा, वायरमन दुसऱ्या दिवशी बदलून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत. कुठल्याही देशाचा प्लग बसेल अशी भोकं असलेले बोर्ड आपल्या गोल पिना नीट आवळत नाहीत, ते तर आणूच नका.

पिनांकडे बघा. चकचकीत पितळ ठीक. एकच पिन काळपट किंवा निळसर झालेली असेल, किंवा तिच्या मुळाशी प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर तिथे आधीच ताप झालेला आहे. असा प्लग नव्या सॉकेटमध्ये घातला तर नवं सॉकेटही खराब करतो.

मग चार्जिंग लावून अर्ध्या तासाने हाताची मागची बाजू प्लगच्या पाठीला टेकवा. पिनांना नाही, प्लास्टिकला. इथे मुलांचा एक घोळ होतो, तो नीट समजून घ्या. चार्जरची पेटी, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, कोमट होणारच, तिच्या आत विजेचं रूपांतर होत असतं. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर तर चांगला गरम लागतो. पण त्याची वायर भिंतीत जिथे घुसते तो प्लग थंड असायला हवा. प्लग कोमट लागला तरी जोड सैल आहे असं समजायचं. सॉकेटमधून बारीक चर्र आवाज येत असेल तर हात लावण्याचीही गरज नाही, आधी बटण बंद.

बोर्ड घ्यायचाच असेल तर आयएसआय खूण असलेला, जाड वायरीचा, एकच. बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही, आणि तो खाटेखाली किंवा कूलरच्या पाण्याखाली ठेवायचा नाही. किटली आणि पाणी तापवायचा रॉड त्यावर लावायचा नाही. चहाला मेस सकाळी सहापासून उघडी असते.

फोन

"रात्रभर लावला की ओव्हरचार्ज होऊन फुटतो" ही समजूत जुनी आहे आणि चांगल्या फोनच्या बाबतीत खरी नाही. बॅटरी भरली की फोन आतूनच चार्जिंग थांबवतो. रात्रभर शंभर टक्क्यांवर ठेवल्याने तिचं आयुष्य थोडं कमी होतं, तो तुमच्या पैशाचा प्रश्न. आयफोनमध्ये Optimized Battery Charging चालू ठेवा, अँड्रॉइडमध्येही बहुतेक कंपन्यांची 80 टक्क्यांना थांबवण्याची सोय बॅटरीच्या सेटिंगमध्ये मिळते.

मला काळजी आहे ती उशीची. फोनची उष्णता त्याच्या पाठीतून बाहेर जाते. उशीखाली, रजईत किंवा गादीच्या फटीत तिला वाट मिळत नाही. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंत चार्ज करायची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच तिथवर जाते. म्हणून फोन फरशीवर किंवा लोखंडी टेबलावर, कव्हर काढून. उन्हातून आल्या आल्या लावू नका.

चार्जरवर आर अक्षर आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक बघा. BIS Care या अ‍ॅपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते दिसतं. स्टेशनाबाहेर मिळणाऱ्या चार्जरवर कधी क्रमांक असतो पण अ‍ॅपमध्ये भलतंच नाव निघतं. असा चार्जर दिवसाही वापरू नका. त्याच्या आत 230 व्होल्ट आणि तुमचा फोन यांच्यातलं अंतर नीट राखलेलं असेलच असं नाही.

लॅपटॉप

लॅपटॉपची बॅटरी फोनच्या अडीच-तीनपट मोठी. शिवाय झाकण बंद केलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नसतं. रात्री आतून अपडेट सुरू झालं की पंखा फिरतो, आणि गादीवर ठेवलेला असेल तर खालची हवेची जाळी बंद. झोपताना Shut down करा, टेबलावर ठेवा आणि चार्जर काढा. रात्री सबमिशनसाठी जागत असाल तर लावलेला ठेवा, जागा माणूस वास ओळखतो.

लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललं असेल किंवा क्लिक होत नसेल, तर मुलं त्याला "जुना झाला" म्हणतात. तो जुना झालेला नसतो, आतली बॅटरी फुगलेली असते. त्या दिवसापासून चार्जिंग बंद. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचून हवा काढायची तर अजिबात नाही. माझ्याकडे आणा, ऑफिसच्या मागे कोरड्या वाळूची बादली त्यासाठीच आहे.

स्कूटरची बॅटरी

आता मोठी गोष्ट. फोनच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास असतात. स्कूटरची 60 व्होल्ट, 24 अँपिअर-तासांची पेटी म्हणजे 1440 वॅट-तास. पंचाहत्तर फोन एका डब्यात. ती खोलीत पेटली तर विझवण्याचा प्रश्न येतच नाही, बाहेर पडता येतं का एवढाच प्रश्न उरतो. आणि मुलं ती कुठे ठेवतात? दाराजवळच्या प्लगला. म्हणजे बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर. जिन्यात ठेवली तर तीनही मजल्यांची वाट बंद.

"पण सर, रात्रीच वेळ मिळतो." नाही, इथेच हिशोब चुकतो. मागच्या वर्षीच्या एका मुलाचं उदाहरण घ्या. वरचीच पेटी, कॉलेजला जाऊन-येऊन रोजचे बारा किलोमीटर, एका चार्जमध्ये गाडी पासष्टच्या आसपास चालायची. म्हणजे चार दिवसांत अठ्ठेचाळीस किलोमीटर, पेटीत 25-30 टक्के उरायची. त्याचा चार्जर 6 अँपिअरचा होता. भरायचे सत्तर टक्के, म्हणजे 24 पैकी 17 अँपिअर-तास. सतराला सहाने भागलं की तीन तासांच्या आत. शेवटी चार्जर करंट कमी करत जातो, त्याचा अर्धा-पाऊण तास धरा. साडेतीन तास, आठवड्यातून दोनदा. त्याला मी वेळापत्रक करून दिलं: साडेपाचला गाडी सावलीत लावायची, सातपर्यंत पेटी थंड होऊ द्यायची, सातला चार्जिंग, साडेदहाला बंद. तो अभ्यास करून झोपायला जाईपर्यंत काम उरकलेलं असायचं. तुमचा चार्जर 3 अँपिअरचा असेल तर वेळ दुप्पट लागेल. मग दर दोन दिवसांनी अर्धीच भरा. पूर्ण रिकामी होण्याची वाट बघायची गरज नाही, लिथियमला तसं लागत नाही.

तो सात वाजेपर्यंतचा थांबा गाळू नका. चाळीसच्या पुढच्या उन्हात डांबरावरून आलेली पेटी आतून बाहेरच्यापेक्षा गरम असते. हाताला कोमटही लागत असेल तर थांबा.

दुसरी चूक उसन्या चार्जरची, आणि हीच मला सगळ्यात जास्त भीतीची वाटते. "दोघांची गाडी 48 व्होल्टची, पिन एकच, मग काय झालं?" बरंच काही. 48 व्होल्टच्या एका प्रकारच्या पेटीत तेरा सेल एकामागे एक असतात, ती 54.6 व्होल्टला पूर्ण भरते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे लोह-फॉस्फेटच्या पेटीत, सोळा सेल असतात आणि ती 58.4 ला भरते. शिसे-आम्लाच्या, म्हणजे पाणी घालायच्या जातीच्या बॅटरीचा चार्जरही 58-59 च्या आसपास जातो. 58.4 चा चार्जर तेरा सेलच्या पेटीला लावला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्ट येऊ शकतात, आणि त्याची मर्यादा 4.2 आहे. आतलं संरक्षण सर्किट हे थांबवतं, थांबवायला हवं. पण ते शेवटचं कुलूप आहे, रोज त्याच्याच भरवशावर चार्ज करायचं नसतं. चार्जरच्या पाठीवर आउटपुट व्होल्टेज छापलेलं असतं. पेटीवरच्या चार्जिंग व्होल्टेजच्या आकड्याशी दशांशासकट जुळलं तरच लावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीहून आल्यावर एक प्रकार हमखास होतो. गाडी दीड-दोन महिने बंद, पेटी पूर्ण उतरलेली, चार्जर तिला ओळखतच नाही. मग कोणीतरी "थेट करंट देऊन उठवतो" म्हणतो. करू देऊ नका. सेल फार खाली उतरला की आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे जमतं. पेटी उठते, एक-दोन आठवडे चालतेही, आणि मग आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. अशी पेटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. सुट्टीला जाताना निम्मी भरून, गाडीपासून सोडवून ठेवा. घरी पाडळसरे असो की मोलगी, पेटी सोबत न्यायची गरज नाही.

तरीही काही घडलं तर

पेटीतून सूं असा आवाज, गोडसर किंवा औषधासारखा वास, आणि मग पांढरा धूर. हा धूर वाफ नाही. तो विषारी असतो आणि स्वतः पेटही घेतो. बटण हाताशी असेल तर बंद करा, नसेल तर सोडा. पेटी उचलून खिडकीतून टाकायचा पराक्रम करू नका, उचलतानाच पेट घेते. सगळ्यांना बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या, पॅसेजमधला एमसीबी खाली करा, 101 लावा, मग मला उठवा. त्या क्रमानेच. मला आधी फोन करून "सर, काय करू" विचारण्यात मिनिट घालवू नका.

फोन किंवा लॅपटॉप पेटला आणि वीज बंद झालेली असेल, तर दुरून भरपूर पाणी टाका, बादलीभर. लिथियमवर पाणी टाकू नये असं मुलांनी रसायनशास्त्राच्या वर्गात ऐकलेलं असतं. ते शुद्ध लिथियम धातूबद्दल आहे. या बॅटरीत तो धातू तसा नसतो, आणि इथे गरज असते सेल थंड करण्याची. भिंतीवरच्या लाल नळकांड्यातली पावडर ज्वाळा दाबते, पण सेल थंड करत नाही, म्हणून दोन मिनिटांनी तो पुन्हा पेटू शकतो. विझलेली वस्तू त्या रात्री खोलीत ठेवायची नाही, अंगणात, भिंतीपासून लांब.

स्कूटरच्या पेट्यांसाठी पार्किंगच्या शेडमध्ये, वॉचमन काकांच्या केबिनच्या पलीकडच्या भिंतीवर 16 अँपिअरची चार सॉकेट्स आहेत. प्रत्येकाला वेगळा एमसीबी. खाली फरशी, वर पत्रा, आजूबाजूला काही जळण्यासारखं नाही. सॉकेट्सच्या पेटीची चावी काकांकडे असते. वहीत नाव, खोली आणि लावल्याची वेळ लिहायची. साडेदहाला काका चारही बटणं बंद करतात, पेटी नव्वद टक्क्यांवर असो की साठवर. त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, मी घालून बघितली आहे.